खापर छापचा खुलासा

संक्रांत होऊन आठवडा झाला नव्हता तोच लिंबायतच्या दुकानदाराने मिरची पुडीची दोन खोकी परत पाठवली. टेम्पोवाल्याने ती शेडच्या दारात उतरवली आणि खाली मान घालून म्हणाला, "भाभी, शेठ म्हणतात आता नको. लोक हात लावत नाहीत."

जयश्रीने खोकं उघडलं. पुड्या जशाच्या तशा होत्या, सील न तुटलेल्या. प्रत्येकीवर लाल चुलीवर पालथं ठेवलेलं खापर छापलेलं. ते चित्र तिच्या सासूबाईंनी, प्रमिलाबाईंनी, पहिल्या वर्षी स्वतः सांगून काढून घेतलं होतं. खान्देशातून सुरतेला आलेल्या बाईला खापर दिसलं की मांडे आठवतात, मांडे आठवले की घर आठवतं, असा त्यांचा हिशेब. तो चुकला नव्हता. उधना, लिंबायत, डिंडोली, जिथे जिथे लूमवर आणि मिलमध्ये काम करणारी आपली माणसं होती, तिथे खापर छाप मिरची पोचली होती.

"का हात लावत नाहीत?" जयश्रीने विचारलं.

"म्हणतात, मिलचा रंग आहे त्यात. एका घरी पाण्यात टाकली तर पाणी गुलाबी झालं. पोरगी उलट्या करून करून पडली."

दुसऱ्या दिवशी उधन्याहून खोकी आली. मग डिंडोलीची. पर्वत पाटियाच्या पुढे असलेल्या त्या शेडमध्ये मिरची दळायची चक्की, चाळण्या, पुड्या भरायचं एक यंत्र आणि देठ खुडायला बसणाऱ्या बायका, एवढाच कारखाना. नंदुरबारच्या बाजारातून आलेल्या नव्या मिरचीची पोती भिंतीला लागून उभी होती. हंगाम नुकता सुरू झाला होता, आणि आलेला माल जायचा थांबला.

जयश्रीचा नवरा हेमराज संतापाने लाल झाला. "कोणीतरी स्पर्धकाने केलंय हे. मी पेपरात जाहिरात देतो. जो माणूस नाव सांगेल त्याला बक्षीस. पोलिसांत जातो."

प्रमिलाबाईंचा उपाय वेगळा होता. त्या लिंबायतच्या बाजारात दुकानाच्या पायरीवर जाऊन बसल्या, पुडी फोडली, भाकरीवर तेल आणि मिरची घेऊन सगळ्यांदेखत खाल्ली. बायका जमल्या, बघितलं, आणि त्यातली एक म्हणाली, "मावशी, तुमनी पुडी येगळी व्हई. आमनी येगळी."

प्रमिलाबाई उरलेली पुडी पदरात बांधून घरी परतल्या.

जयश्री धुळ्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकलेली. लग्नानंतर शेडमधली तपासणी तिच्याकडेच होती. प्रत्येक दळणाची थोडी मिरची ती बरणीत बंद करून, वर दळणाचा क्रमांक आणि तारीख लिहून फडताळात ठेवायची. तिने जानेवारीतल्या बरण्या काढल्या. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन प्रत्येकीतली चिमूट वर टाकली. पूड तरंगली, हळूहळू खाली बसली. पाण्यात लाल रेघा सुटल्या नाहीत. मिरचीचा स्वतःचा रंग तेलात उतरतो, पाण्यात फारसा नाही. पण तेलात विरघळणारे भेसळीचे रंगही असतात, आणि ते पेल्यातल्या पाण्याला कळत नाहीत, हेही तिला ठाऊक होतं.

"आपण आपल्याच मालाला चांगलं म्हणायचं, याला काय किंमत?" ती हेमराजला म्हणाली. "ज्याचं आपल्याशी देणंघेणं नाही अशा कोणाकडून तरी तपासून घ्यायला हवं."

"आणि तोवर?"

"तोवर चक्की बंद ठेवू. मालात रंग असेल तर आपणच विकत राहिलो असं व्हायला नको."

हेमराज बायकोकडे बघत राहिला. "तुला शंका आहे?"

"मला नाही. पण लोकांना आहे."

शहरात एक ग्राहक मंडळ होतं. तिथलं काम चंचलबेन बघायच्या, बँकेतून निवृत्त झालेल्या, कमी बोलणाऱ्या, पांढऱ्या साडीतल्या. जयश्रीने आणलेल्या पुड्या त्यांनी टेबलावरून परत सरकवल्या.

"तुमचं सॅम्पल मी घेणार नाही, बेन. कायद्यात ग्राहकाला सोय आहे. आम्ही दुकानातून माल विकत घेऊ, दुकानदाराला तिथेच सांगू की हा तपासणीला जाणार, आणि सरकारी विश्लेषकाकडे पाठवू. कुठून घेतला ते तुम्हाला नंतर कळेल." मग चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "आणि अहवाल वाईट आला तरी आम्ही तो लपवणार नाही. घरी विचारून या."

"विचारायचं नाही. पाठवा," जयश्री म्हणाली.

अहवालाला वेळ लागणार होता. शेडमधल्या बायका रोज सकाळी येत, परत आलेल्या खोक्यांकडे बघत, आणि बसून राहत. प्रमिलाबाईंनी शेवटी त्यांना सांगितलं की काम निघेल तेव्हा निरोप पाठवते. त्यांत शोभाबाई सगळ्यांत जुन्या, लिंबायतलाच राहणाऱ्या. त्या जाता जाता जयश्रीला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ताई, ते घर मला माहीत आहे. आमच्या पुढच्या गल्लीत. धुडकू म्हणून आहे, पारोळ्याकडला. पलसाण्याला रंगाईच्या मिलमध्ये कामाला जातो. सांगायचं की नाही, असं होत होतं मला."

"हेमराजला सांगू नका," जयश्री म्हणाली. "मला घेऊन चला."

पत्र्याची एक खोली. दाराशी एक अशक्त मुलगी पाटीवर रेघोट्या ओढत बसली होती. धुडकू पाळीवरून येऊन नुकताच आंघोळ करून बसला होता, पण नखांच्या कडांना निळं राहिलेलंच होतं. खापर छापची बाई आली म्हटल्यावर तो ताडकन उभा राहिला.

"मी खोटं नही बोलस," तो आधीच म्हणाला. "पानी लाल व्हयनं ते मी देखं. तेच सांगं. पोर आजारी व्हती."

"तुम्ही खोटं बोलता असं मी म्हणतच नाहीये, दादा. मला फक्त मिरची बघायची आहे. आहे का उरलेली?"

त्याची बायको रुक्मिणी आत गेली आणि एक पिशवी घेऊन आली. जाड, दुधी प्लास्टिकची, गुडघ्याएवढी लांब, तोंड सुतळीने बांधलेली. घरात तशाच आणखी तीन होत्या. एकीत ज्वारी, एकीत तुरीची डाळ, एक पाण्याच्या माठाखाली अंथरलेली.

"तुम्ही मिरची यात ठेवता?"

"पुडी फोडी की ओल लागस," रुक्मिणी म्हणाली. "दोन-तीन पुड्या एकदम आनस, मंग हाई पिशवीमा ठेवस. चांगली शे, फाटस नही."

"ही पिशवी कुठली?"

नवराबायकोंनी एकमेकांकडे पाहिलं. मग धुडकूच हळू आवाजात म्हणाला की मिलमध्ये रंगाची पूड ज्या पिंपातून येते, त्या पिंपात आत ही पिशवी असते. रिकामी झाली की बाजूला टाकतात. सगळेच घरी आणतात. झटकून, धुऊन घेतली होती.

जयश्रीने तांब्याभर पाणी मागितलं. ज्वारीची पिशवी रिकामी करायला लावली, तिच्या तळाच्या शिवणीत थोडं पाणी ओतलं, चुरगाळलं, आणि पेल्यात परत काढलं. पाणी गुलाबी होतं. मिरचीचा कणही त्या पिशवीला कधी लागला नव्हता.

 रुक्मिणीने मुलीला ओढून मांडीवर घेतलं. "म्हंजे आम्हीच पोरले चारं?"

"तुम्हाला काय माहीत," शोभाबाई म्हणाल्या. "आमच्याकडे पण अशीच पिशवी आहे, तांदूळ आहे तिच्यात. आत्ता जाऊन फेकते."

जयश्रीने एका पुडीत पिशवीतली थोडी मिरची घेतली, तपासणीसाठी. निघताना धुडकू तिच्यामागोमाग गल्लीच्या तोंडापर्यंत आला. "ताई, मन्हं नाव कोठे नका सांगज्यात. पिशव्या घर नेवाले बंदी शे. शेठ त्या भंगारवालाले देस. कयनं ते काम जाई."

"नाव येणार नाही," जयश्री म्हणाली. "शब्द देते."

तो शब्द तिने पाळला.

अहवाल आला तेव्हा होळी जवळ आली होती. चंचलबेननी चार वेगवेगळ्या दुकानांतून सीलबंद पुड्या घेतल्या होत्या. एकीतही बाहेरचा रंग नव्हता, ना पाण्यात विरघळणारा, ना तेलात. धुडकूच्या घरची मिरची जयश्रीने वेगळ्या खासगी प्रयोगशाळेत पाठवली होती. तिच्यात कापडाचा रंग निघाला.

हेमराजने टेबलावर हात आपटला. "झालं! आता लिहा. पहिल्या पानावर. 'अफवा पसरवणाऱ्यांनो, डोळे उघडा.' आणि ज्या घरातून हे निघालं त्याचं नाव."

"नाव नाही," जयश्री म्हणाली. "आणि डोळे उघडा वगैरे काहीही नाही. लोक घाबरले होते. घाबरलेल्या माणसावर ओरडलं की तो आणखी घाबरतो."

तिने खुलासा तीन वेळा लिहिला. पहिला मसुदा वकिलाने वाचला आणि दोन शब्द बदलले. दुसरा चंचलबेननी वाचला.

"पुड्यांत रंग नाही, एवढंच लिहिलंय तुम्ही," त्या म्हणाल्या. "मग लोक विचारतील, गुलाबी पाणी आलं कुठून? ते पाणी खूप जणांनी पाहिलंय. त्याचं उत्तर नसेल तर अहवाल विकत घेतला म्हणतील. आणि दुसरं, बेन, अशा पिशव्या किती घरांत असतील? ते लोकांना सांगायला नको?"

त्यांचं म्हणणं खरं होतं. जयश्रीने आणखी एक परिच्छेद घातला. रात्री जेवताना तो प्रमिलाबाईंना वाचून दाखवला.

"'एका घरी' असं लिहू नकोस," प्रमिलाबाई म्हणाल्या.

"नाव कुठे लिहिलंय, आई?"

"पोरगी कोणाची आजारी पडली ते अख्ख्या लिंबायतला माहीत आहे."

"पण प्रत्यक्ष सापडलं असं म्हटल्याशिवाय कोण ऐकेल? नुसतं 'असं होऊ शकतं' म्हटलं तर ते सबब वाटेल."

प्रमिलाबाईंनी ताटात हात धुतला. "तू शिकलेली आहेस. बघ बाई."

खुलासा एका गुजराती दैनिकात आणि मराठी पत्रकांवर छापून आला. मराठीतला असा होता:

"खापर छाप मिरची पुडीत कापडाचा रंग असल्याची चर्चा गेले काही आठवडे आपल्या वस्त्यांत आहे. आपल्या मुलाबाळांच्या पोटात काय जाते याची काळजी वाटणे रास्तच आहे, म्हणून आम्ही दळण थांबवून तपासणी होऊ दिली. ग्राहक मंडळाने स्वतः चार दुकानांतून सीलबंद पुड्या विकत घेऊन सरकारी विश्लेषकाकडे पाठवल्या. पुड्यांची निवड आम्ही केली नाही. त्यांपैकी एकाही पुडीत बाहेरचा रंग आढळला नाही. अहवालाची प्रत मंडळाच्या कार्यालयात आणि प्रत्येक दुकानात पाहता येईल. हा अहवाल तपासलेल्या पुड्यांपुरता आहे. यापुढेही मंडळाने हवी तेव्हा, हवी ती पुडी तपासावी, अशी आमची विनंती आहे.

पाणी गुलाबी झाल्याचे ज्यांनी पाहिले, त्यांनी खरेच पाहिले. एका घरी पुडी फोडून मिरची कापडाच्या रंगाच्या रिकाम्या पिशवीत ठेवली होती. त्या पिशवीला राहिलेला रंग मिरचीत उतरला. अशा पिशव्या धुतल्या तरी स्वच्छ होत नाहीत. त्यांत धान्य, डाळ, मसाला काहीही ठेवू नये. यात कोणाचा दोष नाही. कोणी आजारी असल्यास डॉक्टरांना दाखवावे."

खाली प्रमिलाबाईंचं नाव आणि शेडचा पत्ता.

लोकांनी तो वाचला. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना दुकानदारांनी वाचून दाखवला. लिंबायतच्या दुकानात एका बाईने विचारलं, "म्हणजे पाणी खरंच गुलाबी झालं होतं?" दुकानदार म्हणाला, "हो, तेही लिहिलंय." त्या एका गोष्टीमुळे बाकीचं तिला पटलं, असं तो नंतर सांगत होता. वस्तीतल्या बायकांनी पिशव्या बाहेर काढल्या. उकिरड्यावर दुधी प्लास्टिकचा ढीग पडला. आठवड्याभरात खोकी पुन्हा दुकानांत जायला लागली, आधी दोन, मग चार. चक्की सुरू झाली. हेमराजने शेडमध्ये पेढे वाटले.

देठ खुडायला बोलावलं तेव्हा सगळ्या बायका मात्र आल्या नाहीत. काहींनी तोवर साडीला लेस लावायचं काम धरलं होतं. शोभाबाई आल्या, पण त्यांचा चेहरा उतरलेला होता.

"ताई, धुडकूचं काम गेलं."

जयश्रीच्या हातातली चाळणी थांबली.

"मिलवाल्यांनी पण तो पेपर वाचला. दुसऱ्याच दिवशी फाटकावर झडती सुरू केली. मग कोणीतरी सांगितलं, ज्याची पोरगी आजारी होती तोच. शेठ म्हणाला, तुझ्यामुळे मिलचं नाव खराब झालं. आणि बाकीचे कामगार पण बोलत नाहीत त्याच्याशी, त्याच्यामुळे झडती लागली म्हणून. खोली सोडून गेले ते."

"कुठे?"

"रुक्मिणीचा भाऊ चलथाणला उसाच्या तोडीवर आहे. तिकडे गेले म्हणतात."

जयश्री मिलमध्ये गेली. तिथल्या मॅनेजरने तिला खुर्ची दिली, चहा दिला, आणि नम्रपणे सांगितलं की कामगाराने मिलमधली वस्तू घरी नेली होती, त्याने ते कबूलही केलं, आता तो विषय संपला. तिने म्हणून पाहिलं की पिशव्या सगळेच नेत होते. मॅनेजर म्हणाला, "बेन, तुम्ही तर एकाच घराचं लिहिलंय."

मग ती चलथाणला गेली. साखर कारखान्याच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला तोडकऱ्यांची पालं होती, उसाच्या पाचटाची. बैलगाड्या उसाने भरून फाटकाकडे रांगेत लागल्या होत्या. धुडकू फडात होता. रुक्मिणी पालापुढे चुलीवर भाकरी थापत होती. मुलगी तिच्या पाठीला टेकून झोपली होती. जयश्रीला पाहून ती उठली नाही, पण हाताने गोणपाट पुढे सरकवलं. "बसा."

"पोरगी कशी आहे?"

"बरी शे. दवाखानामा दखाडं."

जयश्रीने जे ठरवून आणलं होतं ते बोलायला सुरुवात केली. शेडमध्ये चक्कीवर माणूस हवा आहे. धुडकूला काम देऊ, तिलाही देऊ, लिंबायतला नको असेल तर पर्वत पाटियालाच खोली बघू.

रुक्मिणीने भाकरी उलटली. "नको वो ताई. लोक म्हनतीन, मिरचीले नाव ठेवं आनि आते तिनाच घर भाकर खास. पोरना बापले मान वर करता येवाव नही." भाकरी फुगली तशी तिने काढून टोपल्यात ठेवली. "तुमना राग नही. तुम्ही नाव नही लिखं. खोटं बी नही लिखं. मन्हा भाऊनी वाची दखाडं आमले, आठे उनूत तव्हय. सगळं खरंच व्हतं."

"मला कळलं नाही असं होईल म्हणून," जयश्री म्हणाली. 

"किती जननी वाचं व्हतं ते, छापाना आगोदर?"

जयश्रीने सांगितलं. वकिलाने. चंचलबेननी. हेमराजने, सासूबाईंनी. छापखान्यातल्या माणसाने.

"आमले बी एकदाव वाची दखाडाले पाहिजे व्हतं," रुक्मिणी म्हणाली. तिच्या आवाजात धार नव्हती. दुकानात मीठ विसरलं असं सांगावं तसं ती सांगत होती. "ते म्हनी राहिनात, आधी कयं ऱ्हातं ते मी सोताच जाई मिलना मुकादमले सांगतू. पिशव्या सगळाच परत करी देतूत. आधी सांगं ऱ्हातं ते शेठ रागे भरता, एखादा रोज कापता. काढी नही टाकता. पेपरमा उनं म्हनीसन त्याले काढनं पडनं."

चुलीतलं एक लाकूड बाहेर ओढून तिने विझवलं. धूर दोघींच्या डोळ्यांत गेला.

तसं झालंच असतं का, हे जयश्रीला सांगता आलं नसतं. मॅनेजरचा चेहरा तिने पाहिला होता. कदाचित तरीही काढलं असतं. पण तो परिच्छेद लिहिल्यापासून छापून होईपर्यंत मध्ये चार दिवस गेले होते, आणि लिंबायत शेडपासून काही लांब नव्हतं. रोज टेम्पो तिकडून जात होता. तिला वकिलाकडे जायला वेळ मिळाला, मंडळात दोनदा जायला मिळाला. ज्या घराबद्दल ती लिहीत होती तिथे जावं, हे तिच्या मनातच आलं नाही. आपण नाव लिहीत नाही म्हणजे त्यांचा प्रश्न मिटला, असं तिने धरून चाललं होतं.

धुडकू फडातून आला. डोक्यावर बैलांसाठी उसाच्या वाढ्यांचा भारा होता. तिला पाहून तो क्षणभर थबकला, मग भारा खाली टाकून दुरूनच हात जोडले आणि बैलांकडे निघून गेला.

"जेवी घ्या," रुक्मिणी म्हणाली.

जयश्रीने अर्धी भाकरी आणि ठेचा घेतला. ठेचा हिरव्या मिरचीचा होता. लाल पूड घरात दिसली नाही, आणि तिने विचारलंही नाही.

परत आल्यावर तिने हेमराजला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "अगं, पण खुलासा दिला नसता तर आपण बुडालो असतो. शेडमधल्या बायकाही." तेही खरं होतं.  जेवायला वाढताना प्रमिलाबाईंनी सुनेच्या ताटात तूप जरा जास्त सोडलं, एवढंच.

उसाचा हंगाम संपल्यावर तोडकऱ्यांच्या टोळ्या आपापल्या गावी गेल्या. शोभाबाईंना नंतर कळलं की धुडकू पारोळ्याकडे कोणाच्या तरी शेतात सालगडी म्हणून राहिला, सुरतेला काही तो परत आला नाही. जयश्रीने त्याच्या गावच्या पत्त्यावर दोन वेळा पत्र टाकलं. उत्तर आलं नाही.

पुढच्या वर्षी डिंडोलीत तुपाबद्दल अशीच एक आवई उठली तेव्हा चंचलबेननी त्या कंपनीच्या माणसाला जयश्रीकडे पाठवलं. खुलासा कसा लिहायचा, ते विचारायला. तिने त्याला आपलं पत्रक दाखवलं, दुकानातून माल कसा घ्यावा, अहवाल कुठे लावावा, भाषा कशी ठेवावी, सगळं समजावून सांगितलं. तो वहीत उतरवून घेत होता.

"हे छापायच्या आधी कोणाला दाखवायचं?" त्याने विचारलं. "वकिलाला ना?"

"वकिलाला दाखवा," जयश्री म्हणाली. "पण आधी मला सांगा, तुमच्या मजकुरात कोणाचं घर आहे?"

त्याला प्रश्न समजला नाही. तिने तो पुन्हा, सावकाश, विचारला.